प्रवासात रविवारची मिस्सा: जवळचं कॅथलिक चर्च कसं शोधायचं आणि वेळ कशी पक्की करायची

वसई, उत्तन, मुंबई किंवा गोव्यात वाढलेल्या कॅथलिक माणसाला मिस्सेची वेळ शोधायची सवयच नसते. घंटा ऐकू येते, घरात कुणीतरी "पहिल्या मिस्सेला जाणार की दुसऱ्या?" असं विचारतं आणि पाय आपोआप चर्चकडे वळतात. घोळ होतो तो गाव सोडल्यावर. शिमल्याला सहलीला गेलो, मुलीच्या प्रवेशासाठी कोलकात्याला गेलो, कामासाठी दोह्याला उतरलो, मध्ये रविवार आला, की मोबाइलच्या नकाशावर दहा चर्च दिसतात आणि त्यातलं आपलं कोणतं, मिस्सा किती वाजता, कोणत्या भाषेत, काहीच कळत नाही. अनेक प्रवासांत ज्या क्रमाने हे काम जमत गेलं, तो क्रम इथे सांगते आहे.

१. रविवार कुठे पडतोय, ते तिकीट काढतानाच बघा

टूरचा कार्यक्रम हातात आला की त्यातल्या शनिवार आणि रविवारवर आधी खूण करा. शनिवारी संध्याकाळी कुठे मुक्काम आहे, रविवारी सकाळी किती वाजता निघायचं आहे आणि रविवारी रात्री कुठे पोहोचायचं आहे, या तीन गोष्टी लिहून ठेवा.

शनिवार संध्याकाळ महत्त्वाची आहे, कारण धर्मसंहितेच्या कलम 1248 नुसार रविवारचं कर्तव्य त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी संध्याकाळी मिस्सेत भाग घेऊन पूर्ण होतं. संध्याकाळ म्हणजे साधारण चार वाजल्यानंतरची वेळ असं धरतात. शनिवारी सकाळची रोजची मिस्सा रविवारसाठी चालत नाही. टूरच्या बसेस रविवारी सकाळी सातलाच सुटतात, त्यामुळे प्रवाशांसाठी शनिवार संध्याकाळच सगळ्यात सोयीची पडते. पण ही मिस्सा प्रत्येक चर्चमध्ये असते असं धरून चालू नका. मोठ्या शहरांत ती बहुधा मिळते, लहान गावात बऱ्याचदा नसते.

२. नकाशावरचं प्रत्येक चर्च कॅथलिक नसतं

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. आपण 'चर्च' असा शोध घेतो, सगळ्यात जुनी आणि भव्य इमारत वर दिसते आणि आपण तिकडे निघतो. ब्रिटिशांनी वसवलेल्या शहरांत आणि थंड हवेच्या ठिकाणी मोक्याच्या जागेवरचं चर्च बहुधा अँग्लिकन परंपरेचं असतं. ही चर्च आज उत्तरेत चर्च ऑफ नॉर्थ इंडिया म्हणजे सीएनआयकडे (स्थापना 1970) आणि दक्षिणेत चर्च ऑफ साउथ इंडिया म्हणजे सीएसआयकडे (स्थापना 1947) आहेत.

नावावरून फरक कळत नाही. मुंबईत फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथीड्रल सीएनआयचं आहे, आपलं कॅथीड्रल कुलाब्याचं होली नेम. पुण्याच्या कॅम्पातलं सेंट मेरीज चर्च सीएनआयचं आहे, कॅथलिक कॅथीड्रल सेंट पॅट्रिक्स. कोलकात्यात सगळे फोटो सेंट पॉल्स कॅथीड्रलचे काढतात, तेही सीएनआयचं. कॅथलिक कॅथीड्रल बडा बाजारजवळच्या मुरगीहाट्यातलं, पोर्तुगीज चर्च म्हणून ओळखलं जाणारं.

म्हणून बाहेरची पाटी वाचायला शिका. पाटीवर सीएनआय किंवा सीएसआय ही अक्षरं असतील तर प्रश्नच मिटला. अक्षरं नसतील तर वेळापत्रकातले शब्द बघा. आपल्याकडे 'मास' लिहितात, त्यांच्याकडे 'सर्व्हिस', 'वर्शिप' किंवा 'होली कम्युनियन'. आपल्याकडे पॅरिश प्रीस्ट असतात, त्यांच्याकडे प्रेस्बिटर किंवा पास्टर. आत गेल्यावर पवित्र साक्रामेंताची पेटी आणि तिच्याजवळ तेवत असलेला दिवा दिसला, तर बहुतेक वेळा तुम्ही योग्य ठिकाणी आहात. तरी शंका वाटली तर सरळ विचारा, कुणालाही त्याचं वाईट वाटत नाही. दुसऱ्या पंथाच्या उपासनेला चुकून पोहोचलात तर आदराने बसा, प्रार्थना करा. पण कम्युनियन घेऊ नका, आणि रविवारच्या मिस्सेची सोय वेगळी बघा.

३. आधी धर्मप्रांत शोधा, मग चर्च

थेट चर्च शोधण्यापेक्षा हा उलटा रस्ता जवळचा आहे. प्रत्येक गाव कोणत्या ना कोणत्या धर्मप्रांतात मोडतं, आणि बहुतेक धर्मप्रांतांच्या संकेतस्थळावर चर्चची यादी पत्त्यासह आणि फोन नंबरसह असते. तिथे नाव असलं की ते चर्च कॅथलिक आहे हे आपोआप ठरतं आणि वरची सगळी डोकेदुखी वाचते.

धर्मप्रांत कोणता हे कळत नसेल तर gcatholic.org वर देशाप्रमाणे धर्मप्रांत आणि कॅथीड्रल दिलेली आहेत. मिस्सेच्या वेळांसाठी masstimes.org वर गावाचं नाव टाकलं की आसपासची चर्च अंतराप्रमाणे येतात. नाव आणि पत्ता कळण्यासाठी हे स्थळ फार कामाचं आहे. तिथल्या वेळा मात्र कुणीतरी कधीतरी भरलेल्या असतात, तेव्हा त्या पुढच्या पायरीवर तपासायच्याच.

अंदाजाने धर्मप्रांत ठरवू नका. ताडोब्याला जाणारे नागपूर महाधर्मप्रांताची यादी उघडतात आणि तिथे चंद्रपूर सापडत नाही म्हणून गोंधळतात. चंद्रपूर, गडचिरोली आणि वर्धा हे जिल्हे चांदा धर्मप्रांतात येतात, तो सिरो-मलबार परंपरेचा आहे आणि त्याचं केंद्र बल्लारपूरला आहे. तसंच महाबळेश्वरचं होली क्रॉस चर्च शोधायचं असेल तर पुणे धर्मप्रांताची यादी उघडायची.

सिरो-मलबार किंवा सिरो-मलंकारा चर्चमधल्या मिस्सेने, तिला ते पवित्र कुर्बाना म्हणतात, आपलं रविवारचं कर्तव्य पूर्ण होतं का? होतं. कोणत्याही कॅथलिक परंपरेतली मिस्सा चालते असं त्याच कलम 1248 मध्ये आहे. केरळात फिरताना हे लक्षात ठेवा, कारण तिथे कॅथलिकांच्याच तीन परंपरा शेजारी शेजारी नांदतात. फक्त तिथे ऑर्थोडॉक्स, जेकोबाइट आणि मार थोमा चर्चही अगदी तसेच दिसतात आणि ते कॅथलिक नाहीत. केरळात पाटीवर 'लॅटिन', 'सिरो-मलबार' किंवा 'सिरो-मलंकारा कॅथलिक' शोधा.

४. फोन करा, आणि प्रश्न नेमका विचारा

नकाशावर 'उघडं: 9 ते 6' दिसलं म्हणजे मिस्सेची वेळ कळली असं नाही. ती बहुतेक वेळा इमारत बघायला येणाऱ्यांची वेळ असते. जुन्या गोव्यात तर हे फारच जाणवतं: बॉम जेझूच्या दारात दिवसभर पर्यटकांची रांग असते, आणि मिस्सेची वेळ विचारली तर रांगेतल्या कुणालाच ठाऊक नसते.

वेळा बदलायची कारणंही पुष्कळ असतात. थंड प्रदेशात हिवाळ्यात सकाळची मिस्सा उशिरा होते. मे महिन्यात मुलांची मिस्सा बंद होते. चर्चचा सण असेल त्या रविवारी दोन-तीन मिस्सा एकत्र करून एकच मोठी मिस्सा ठेवतात. पवित्र आठवड्यात तर नेहमीचं वेळापत्रक उपयोगाचंच नाही: गुरुवारी प्रभुभोजनाची मिस्सा संध्याकाळी असते, शुक्रवारी मिस्सा नसून दुपारनंतर उपासना असते आणि शनिवारी फक्त रात्रीचा जागर असतो.

म्हणून गुरुवारी किंवा शुक्रवारी फोन करा. ऑफिस दुपारी बहुतेक बंद असतं, सकाळी दहा ते बारा किंवा संध्याकाळी पाच ते सात या वेळात कुणीतरी उचलतं. रविवारी सकाळी फोन करण्यात अर्थ नाही, फादर तेव्हा वेदीवर असतात.

फोनवर "रविवारी मिस्सा किती वाजता?" एवढंच विचारलंत तर पाठ असलेलं उत्तर मिळतं, आणि त्या आठवड्यातला बदल त्यात येत नाही. त्याऐवजी तारीख सांगून विचारा. हिंदीत असं: "फादर, हम महाराष्ट्र से घूमने आए हैं। इस इतवार, सोलह तारीख को, हिंदी या अंग्रेज़ी मिस्सा कितने बजे है? मेन चर्च में ही है ना?" मुख्य चर्चबद्दलचा प्रश्न हमखास विचारा. मिशन भागात एका फादरकडे चार-पाच गावं असतात. दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी ते एखाद्या पाड्यावर मिस्सा करतात आणि मुख्य चर्चला कुलूप असतं. तारीख ऐकली की समोरचा माणूस थांबतो, वही बघतो आणि "त्या दिवशी आमचा सण आहे, नऊलाच या" असं काहीतरी सांगतो. त्या क्षणी तुमचं काम झालं.

फोन लागलाच नाही तर धर्मप्रांताच्या ऑफिसला किंवा गावातल्या कॉन्व्हेंट शाळेला विचारा. कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सना आजूबाजूच्या सगळ्या मिस्सांच्या वेळा तोंडपाठ असतात. लहान गावात माझा सगळ्यात जास्त भरवसा त्यांच्यावरच आहे.

५. एक उदाहरण: शिमला

महाराष्ट्रातून निघणाऱ्या शिमला-कुलू-मनाली सहलीत रविवार हमखास अडचणीत सापडतो. समजा, शनिवारी दुपारी काल्काहून गाडीने शिमल्याला पोहोचायचं, मुक्काम करायचा आणि रविवारी सकाळी आठला मनालीला निघायचं.

रिजवर उभं राहिलं की समोर जे पिवळसर देखणं चर्च दिसतं ते क्राइस्ट चर्च. टूर मॅनेजरला विचारलं तर तोही तेच दाखवणार. पण ते सीएनआयचं आहे. कॅथलिकांचं सेंट मायकल्स कॅथीड्रल मॉल रोडच्या खालच्या बाजूला, जिल्हा न्यायालयाच्या इमारतीजवळ आहे आणि रिजवरून ते दिसत नाही. धर्मप्रांत शिमला-चंदीगड, त्यामुळे यादी शोधताना चंदीगडचंही नाव टाकून बघा.

गुरुवारी घरूनच कॅथीड्रलला फोन करायचा आणि दोन प्रश्न विचारायचे: या शनिवारी संध्याकाळी रविवारची मिस्सा आहे का, आणि नसेल तर रविवारी पहिली मिस्सा किती वाजता? शनिवारी संध्याकाळी असेल तर गाडीतून उतरून खोलीवर सामान टाकायचं आणि निघायचं. नसेल आणि रविवारची पहिली मिस्सा लवकर असेल, तर टूर मॅनेजरला शुक्रवारीच सांगायचं की आमचं कुटुंब बसजवळ अमुक वाजता येईल. आधी सांगितलं तर बरेच मॅनेजर अर्धा तास थांबतात, रविवारी सकाळी सांगितलं तर कुणीच थांबत नाही. दोन्ही जमत नसेल तर मनालीच्या भरवशावर राहू नका. शिमला ते मनाली अडीचशे किलोमीटरच्या आसपास घाटाचा रस्ता आहे, अख्खा दिवस त्यात जातो. शुक्रवारी रात्री चंदीगडला मुक्काम असणारा कार्यक्रम असेल तर शनिवार-रविवारची अदलाबदल करता येते का, हे बुकिंग करतानाच विचारा.

मॉल रोडवर आपल्या गाड्यांना परवानगी नाही. कॅथीड्रलला चालत जावं लागतं, उतार जाताना सोपा वाटतो आणि परतीला तोच चढ होतो. बरोबर आजी-आजोबा असतील तर जाण्यायेण्याचा वेळ दुप्पट धरा.

६. देशाबाहेर असाल तर

आखातात आधी आठवड्याची सुट्टी कधी ते बघा. कतार, कुवेत, ओमान आणि बहारीनमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, त्यामुळे चर्चमधली खरी गर्दी शुक्रवारी असते आणि रविवारचीच उपासना शुक्रवारीही होते. तिथल्या बिशपांच्या परवानगीने ती रविवारच्या कर्तव्यासाठी धरली जाते. संयुक्त अरब अमिरातीत जानेवारी 2022 पासून सुट्टी शनिवार-रविवारवर गेली, तेव्हा दुबईहून परतलेल्या नातेवाइकाने सांगितलेलं जुनं वेळापत्रक आता चालत नाही. दुबईत ऊद मेठाचं सेंट मेरीज आणि जेबेल अलीचं सेंट फ्रान्सिस ही दोन कॅथलिक चर्च आहेत. दोन्हीकडे अनेक भाषांतल्या मिस्सा असतात, म्हणून वेळेबरोबर भाषा आणि सभागृहसुद्धा विचारून घ्या. दोह्यात सगळ्या ख्रिस्ती पंथांची चर्च शहराबाहेरच्या एकाच आवारात आहेत. शुक्रवारी तिथल्या वाहतुकीला तासभर जास्त धरा, ओळखपत्र जवळ ठेवा आणि मोठी बॅग नेऊ नका. सौदी अरेबियात सार्वजनिक चर्च नाही.

फ्रान्समध्ये खेड्यातल्या चर्चमध्ये दर रविवारी मिस्सा होत नाही, एकच फादर अनेक गावं सांभाळतात आणि मिस्सा आळीपाळीने फिरते. तिथल्या चर्चनेच चालवलेलं messes.info हे स्थळ तारखेप्रमाणे वेळा दाखवतं. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात. हातातलं घड्याळ बदललं नाही तर मिस्सा संपताना पोहोचाल.

७. सोबत काय ठेवायचं

मिस्सेला येणाऱ्या प्रवाशाकडे कुणी कागद मागत नाही, बाप्तिस्म्याचा दाखला लागत नाही. तरी या गोष्टी जवळ असल्या की बरं पडतं:

- चर्चचं पूर्ण नाव, पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून. डोंगरात मोबाइलला रेंज नसते.
- त्या रविवारची मराठी वाचनं, घरूनच मोबाइलवर फोटो काढून. लॅटिन परंपरेत जगभर बहुतेक रविवारी वाचनं तीच असतात. मिस्सा तमिळमध्ये असो की फ्रेंचमध्ये, शुभवर्तमान काय चाललंय ते तुम्हाला कळतं. सिरो-मलबारमध्ये वाचनं वेगळी असतात.
- खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे. समुद्रकिनाऱ्यावरून थेट जायचं असेल तर ओढणी आणि फुल पँट पिशवीत ठेवा.
- कुटुंबातल्या कुणी तिथे मुक्कामाने राहणार असेल, शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी, तर आपल्या धर्मग्रामाचं पत्र. पुढे लग्नाच्या वेळी कागद जमवताना ते उपयोगी पडतं.

८. मिस्सा मिळणारच नसेल तर

लडाखच्या एखाद्या दरीत किंवा लांबच्या रेल्वेप्रवासात रविवार गेला तर मन खात बसू नये. गंभीर कारणामुळे मिस्सा शक्य नसेल तेव्हा शब्दविधी, नाहीतर कुटुंबाने किंवा एकट्याने प्रार्थनेत वेळ घालवावा असं कलम 1248 सांगतं. आधीपासून माहीत असेल की त्या आठवड्यात जमणार नाही, तर निघण्यापूर्वी आपल्या फादरांशी बोला. योग्य कारणासाठी त्या कर्तव्यातून सूट देण्याचा अधिकार कलम 1245 ने धर्मग्रामगुरूला दिला आहे. दोन मिनिटांचं बोलणं असतं, पण फार थोडे लोक ते करतात.

आणि एक, गटाने जाणाऱ्यांसाठी. वेलंकनी किंवा परदेशातल्या यात्रेला बरोबर आपले फादर असतील, तर "मिस्सा आपले फादरच करतील" म्हणून निश्चिंत होऊ नका. परक्या चर्चमध्ये मिस्सा करण्यासाठी त्यांच्याकडे वरिष्ठांचं सेलेब्रेट नावाचं अधिकृत पत्र असावं लागतं. वेदीची वेळही त्या चर्चकडे आधी मागून घ्यावी लागते, मोठ्या तीर्थस्थानांत पुष्कळ दिवस आधी. पत्राची तारीख उलटून गेलेली नाही ना, हे यात्रेची वर्गणी गोळा करतानाच फादरांना विचारून घ्या.